बिल चौघांचं, डाउनलोड एकाचं

चार जण एका फ्लॅटमध्ये राहतात, वायफाय एक आणि बिलाचे चार सारखे वाटे. कुणाला तक्रार नसते, तोवर एकाला गेमिंगचं वेड लागतं. मग संध्याकाळी एकाची मीटिंग तुटते, दुसऱ्याचं लेक्चर अडकतं आणि ग्रुपवर मेसेज पडतो: 'जो जास्त जीबी वापरतो त्यानं जास्त पैसे भरावेत.' ऐकायला रास्त वाटतं. हिशोबाला बसलं की मात्र हा नियम टिकत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक फायबर प्लॅनमध्ये बिल जीबीवर ठरतच नाही, वेगावर ठरतं. 'अनलिमिटेड' म्हटलं तरी मर्यादा असते. बऱ्याच प्लॅनमध्ये ती महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास असते आणि ती ओलांडली की पुढच्या बिलापर्यंत वेग अगदी रांगायला लागतो. पण तिथवर पोचणं सोपं नाही. समजा सौरभनं महिन्यात १,००० जीबी उतरवले आणि बाकी तिघांनी प्रत्येकी १५०. एकूण झाले १,४५०, म्हणजे मर्यादेच्या निम्मेही नाहीत. सौरभच्या हजार जीबींमुळे बिल एका रुपयानंही वाढलेलं नाही. मग त्याच्याकडून जास्त पैसे मागायचे कशाबद्दल?

खरा त्रास होतो तो त्या-त्या तासाला. १०० एमबीपीएसचं कनेक्शन म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, कारण आठ बिट मिळून एक बाइट होतो. ६० जीबीचा गेम या वेगानं उतरवायला ऐंशी मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ ते डाउनलोड सगळी वाट अडवून बसतं. व्हिडिओ कॉलला लागतात फक्त तीन-चार एमबीपीएस, पण ते वेळच्या वेळी मिळावे लागतात. मोठं डाउनलोड चालू असलं की पाकिटांची रांग लागते आणि टोलनाक्यावर ट्रकांमागे अडकलेल्या रुग्णवाहिकेसारखं कॉलचं छोटंसं पाकीट त्या रांगेत थांबून राहतं. टोरंट लावून ठेवलेलं असेल तर आणखी वाईट. ते अपलोडही करत असतं, आणि अपलोडची बाजू तुंबली की साधं पानसुद्धा उघडायला वेळ घेतं.

हे भांडणाआधी तपासता येतं. लॅपटॉप रूटरला केबलनं जोडायचा आणि कमांड विंडोत हे टाइप करायचं:

```
ping 8.8.8.8
```

प्रत्येक ओळीत `time=` पुढे मिलिसेकंद दिसतात. डाउनलोड बंद असताना १०-२० दिसत असतील आणि सुरू केल्यावर आकडा २००-३०० वर गेला, तर दोष रांगेचा. मोबाइलवर fast.com उघडून जास्तीची माहिती पाहिली तर `Unloaded` आणि `Loaded` असे दोन आकडे येतात. त्यांच्यातली तफावत हेच सांगते. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील आणि तरीही आतल्या खोलीत कॉल तुटत असेल, तर सौरभला उगाच बोल लावू नये. मधली भिंत किंवा रूटरची जागा हे कारण असण्याची शक्यता जास्त.

दोष रांगेचा निघाला तर उपाय फुकटात होतो. स्टीमसारख्या गेमच्या ॲपमध्ये आणि टोरंटच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगाला लगाम घालायची सोय असते. सौरभनं दिवसा ४० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ५ एमबीची मर्यादा लावली, तर तोच गेम तीन तास वीस मिनिटांत उतरेल आणि इतरांना पत्ताही लागणार नाही. रात्री बारानंतर लगाम काढायला हरकत नाही. फक्त सेटिंगमधलं एकक नीट बघावं. तिथे बिट आणि बाइटची गल्लत झाली की मर्यादा आठपट चुकते.

आता पैशांचं. इथे एक जुनं गणित कामाला येतं. लॉइड शेप्ली यांनी १९५३ साली सामायिक फायद्याची वाटणी करण्याची एक रीत मांडली. १९७३ साली लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी ती विमानतळाच्या धावपट्टीला लावून दाखवली. लहान विमानाला छोटी धावपट्टी पुरते, मोठ्याला लांब लागते. तेव्हा पहिल्या टप्प्याचा खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा आणि पुढच्या टप्प्याचा फक्त ज्यांना तो टप्पा लागतो त्यांनी. वायफायच्या बिलाला हे चपखल बसतं.

समजा जीएसटी धरून प्लॅन असे आहेत: ४० एमबीपीएस ६०० रुपये, १०० एमबीपीएस ९००, २०० एमबीपीएस १,२००. एमपीएससीची तयारी करणाऱ्या गणेशला ४० चा पुरतो. घरून काम करणारे दोघे आणि सौरभ यांना १०० चा हवा. पहिल्या ६०० चे चार वाटे, प्रत्येकी १५०. वरच्या ३०० चे तीन वाटे, प्रत्येकी १००. गणेश १५० देणार, बाकी तिघे २५०. सौरभला लगामाशिवाय राहायचं असेल तर २०० चा प्लॅन घ्यायचा आणि वरचे ३०० त्यानं एकट्यानं भरायचे. त्याचे होतील ५५०, बाकी कुणाचा आकडा हलणार नाही.

अशा वेळी ग्रुपवर टाकायचा मेसेज साधारण असा असावा:

'अरे, वायफायचं एकदा ठरवून टाकूया. सौरभ, तुझ्यावर राग नाही. काल केबल लावून टेस्ट केली, तुझं डाउनलोड चालू असताना पिंग १५ वरून २८० वर गेला. सकाळी ९ ते रात्री १२ डाउनलोडला सेकंदाला ५ एमबीची मर्यादा आणि टोरंटचं अपलोड बंद, चालेल का? बारानंतर तू राजा. नाही जमत म्हणशील तर २०० चा प्लॅन घेऊ, वरचे ३०० तुझे. तसं झालं तर दिवसा १०० पर्यंत तू वापर. गणेश, तुझे यापुढे १५०, आमचे अडीचशे. अर्जंट काही असलं तर ग्रुपवर सांगायचं, तेवढ्यापुरता लगाम सैल. दर २० तारखेला ॲपवर डेटा बघू. महिनाअखेर ३,३०० च्या वर जाईलसं वाटलं तर ज्याचा वापर जास्त तो टॉप-अप मारेल. रविवारी चहाला बोलूया.'

मोजमाप आधी, मागणी नंतर, आणि सौरभपुढे दोन पर्याय. 'फुकटा' वगैरे शब्द त्यात नाहीत, हे तर उघडच आहे. जीबीला मोल फक्त मर्यादेच्या काठावर येतं, म्हणून टॉप-अपचं वाक्य वेगळं ठेवलं आहे.

सौरभनं दुसरा पर्याय निवडला तर ३०० रुपये देण्याआधी रूटर पाहून घ्यावा. जुन्या रूटरचे केबलचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, मग २०० चा प्लॅन घेऊनही केबलवर शंभराच्या वर आकडा जात नाही, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर तर भिंतीपलीकडे त्याहून कमी. गिगाबिट पोर्टचा रूटर कंपनी बदलून देते का ते विचारावं. नाही दिला तर तो खर्चही त्या टप्प्याचा, म्हणजे सौरभचा. मात्र फ्लॅट सोडताना तो रूटर त्यानं खुशाल बरोबर न्यावा.

या रीतीत एक भोक आहे. गणेश 'मला ४० चाच पुरे' म्हणून १५० देणार आणि रात्री सगळ्यांच्या १०० वर मॅच बघणार. मॅचला पाच-सात एमबीपीएस लागतात, ते ४० मध्ये आरामात बसतं, म्हणून चालवून घ्यावं. पण पुढे त्याची नोकरी लागली आणि तोही घरून काम करू लागला, तर त्या महिन्यापासून वरच्या ३०० चे वाटे चार.