पुसल्याची खूण किती दिवस ठेवावी?

ऑनलाइन दुकानातलं खातं तुम्ही बंद करता. दुकानाच्या मुख्य डेटाबेसमधून तुमची नोंद त्याच क्षणी जाते. पण तीच नोंद शोधयंत्रणेत, जाहिरातींच्या यादीत, हिशेबाच्या अहवालांत अशा अनेक ठिकाणी उतरलेली असते. तिथून ती जायची असेल, तर ‘ही नोंद पुसली’ हा निरोप त्या प्रत्येकाला मिळायला हवा.

अनेक कंपन्यांत हे निरोप काफ्का या प्रणालीतून जातात. प्रत्येक बदल एका लांबलचक वहीच्या शेवटी लिहिला जातो आणि खालच्या यंत्रणा आपापल्या वेगाने ती वही वाचतात. वही फुगत जाऊ नये म्हणून काफ्का अधूनमधून साफसफाई करतो. एकाच ग्राहक-क्रमांकाच्या दहा नोंदी असतील, तर फक्त शेवटची ठेवतो. ग्राहक पुसला गेला, तर त्याचा क्रमांक आणि पुढे रिकामी जागा अशी खूण लिहिली जाते. इंजिनिअर तिला टूमस्टोन म्हणतात. साफसफाईत आधी त्या ग्राहकाच्या जुन्या नोंदी जातात, आणि काही काळाने ही खूणही जाते. हा काळ `delete.retention.ms` या सेटिंगने ठरतो. आपण काही बदललं नाही, तर तो 24 तास असतो. साफसफाई त्या खुणेवरून पहिल्यांदा फिरते तेव्हापासून हे तास मोजले जातात, त्यामुळे प्रत्यक्षात खूण बऱ्याचदा जास्त टिकते. पण त्या जास्तीच्या वेळेवर विसंबून राहणं धोक्याचं आहे.

समजा, दिवाळीच्या सुट्टीत शोधयंत्रणेचा वाचक बंद पडला. चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, दुरुस्तीला आणखी एक दिवस गेला. तो बंद पडल्यावर तासाभरात एका ग्राहकाने खातं पुसलं होतं. पाच दिवसांनी वाचक उठला आणि थांबला होता तिथून पुढे वाचू लागला. खूण तोवर गेलेली. त्याच्याकडची जुनी प्रत मात्र तशीच राहिली, आणि आता ती पुसायला सांगणारं वहीत काहीही उरलेलं नाही. यात कुठेही चूक दाखवली जात नाही. साफसफाई झालेल्या वहीत मधले क्रमांक गायब असणं नेहमीचंच, म्हणून वाचक ते निमूटपणे ओलांडतो. तो थोड्या वेळात ‘अद्ययावत’ दिसतो, आणि मला हीच गोष्ट सर्वांत घातक वाटते.

मग किती दिवस ठेवावेत? वाचक जास्तीत जास्त किती दिवस बंद राहू शकतो, हा पहिला आकडा. इथे तो पाच दिवस. मागचं राहिलेलं भरून काढायला लागणारा वेळ त्यात मिळवावा लागत नाही, कारण नोंदी क्रमाने वाचल्या जातात आणि सर्वांत जुनी खूण उठल्याबरोबर समोर येते. कधीकधी मात्र शोधयंत्रणा नव्याने बांधायची म्हणून वही पहिल्या पानापासून वाचावी लागते. वाचकाने सुरुवातीला जुनी नोंद उचलली आणि तो शेवटाकडे पोचण्याआधी तिची खूण साफ झाली, तर तीच फसगत होते. वहीत 30 कोटी नोंदी असतील आणि वाचक सेकंदाला 1500 नोंदी पचवत असेल, तर साधारण 56 तास लागतात. या वाचनाच्या मध्येच पाच दिवसांचा खंड पडला, तर एकूण सव्वासात दिवस होतात. थोडी उसंत धरून दहा दिवस ठेवावेत:

```
kafka-configs.sh --bootstrap-server localhost:9092 \
  --alter --entity-type topics --entity-name grahak \
  --add-config delete.retention.ms=864000000
```

खुणा कायमच्या का ठेवू नयेत? जागेचा प्रश्न किरकोळ आहे. रोज दोन लाख खाती पुसली, तरी दहा दिवसांत 20 लाख लहान खुणा होतात, 30 कोटींपुढे त्या काहीच नाहीत. खरी अडचण अशी की खुणेत नोंदीची ओळख शिल्लक असते. ती ओळख म्हणजे मोबाइल नंबर असेल, तर ग्राहकाने पुसायला सांगितलेली गोष्टच आपण जपत बसतो. म्हणून ओळखीसाठी अर्थ नसलेला क्रमांक वापरावा.

कितीही दिवस ठेवले, तरी कुणीतरी त्याहून जास्त मागे पडतोच. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत ही मुदत आधी 60 दिवस होती, विंडोज सर्व्हर 2003 च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून नव्या मांडणीत ती 180 दिवस झाली. त्याहून जास्त काळ संपर्काबाहेर राहिलेल्या सर्व्हरकडून बदल घ्यायला ती प्रणाली सहसा नकार देते. काफ्का असा नकार देत नाही, तो नियम आपल्यालाच घालावा लागतो. वाचक मुदतीपेक्षा जास्त काळ बंद होता असं दिसलं, तर त्याला होता तिथून चालू करू नका. त्याची प्रत पूर्ण पुसा आणि वही पहिल्यापासून वाचायला लावा. शिवाय महिन्यातून एकदा मूळ डेटाबेसमधले ग्राहक-क्रमांक आणि खालच्या प्रतीतले क्रमांक ताडून पाहा. प्रतीत जास्तीचा एकही क्रमांक निघाला, तर एखादी खूण वाचण्याआधीच गेली असण्याची शंका घ्या आणि मुदत वाढवा.