हातचा सोडला तरी बेरीज बरोबर

संगणकाच्या स्मृतीत शून्य आणि एक या दोनच खुणा असतात. वजा चिन्हासाठी तिसरी खूण नसते, म्हणून ऋण संख्याही या दोन खुणांतच लिहाव्या लागतात. पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे डावीकडचा एक बिट चिन्हासाठी राखून ठेवणे: तिथे ० असेल तर संख्या धन, १ असेल तर ऋण, आणि उरलेल्या बिटांत तिची किंमत. आयबीएमच्या ७०९० सारख्या जुन्या यंत्रांत पूर्णांक असेच लिहिले जात. यात अडचण बेरजेच्या वेळी येते. दोन संख्यांची चिन्हे वेगळी असली, की आधी मोठी कोणती ते पाहायचे, मोठीतून लहान वजा करायची आणि उत्तराला मोठीचे चिन्ह द्यायचे. म्हणजे बेरीज करणाऱ्या मंडलाला तुलना आणि वजाबाकीही यायला हवी. शिवाय धन शून्य आणि ऋण शून्य असे दोन शून्य तयार होतात ते वेगळेच.

‘टूज कॉम्प्लिमेंट’ या पद्धतीत ही सगळी कटकट संपते. १९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या नियोजित संगणकाचा जो आराखडा लिहिला, त्यात ऋण संख्यांसाठी पूरक संख्या वापरण्याचा विचार आहे. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० ने पूर्णांकांसाठी हीच पद्धत घेतली आणि पुढे ती सर्वत्र रुळली.

आठ बिटांचे उदाहरण घेऊ. आठ बिटांत २५६ वेगवेगळ्या मांडण्या होतात, ० ते २५५. त्यांतल्या ० ते १२७ या धन बाजूसाठी तशाच ठेवायच्या. उरलेल्या १२८ ते २५५ या मांडण्यांची किंमत २५६ ने कमी धरायची. म्हणजे २५५ ची मांडणी उणे १ मानायची, २५४ ची उणे २, आणि १२८ ची उणे १२८. उणे १८ लिहायचे तर २५६ मधून १८ वजा करून येणारे २३८ लिहायचे.

आता ४५ आणि उणे १८ यांची बेरीज करू. यंत्र चिन्हाकडे पाहतच नाही. ते सरळ दोन्ही मांडण्या मिळवते:

```
  00101101    (45)
+ 11101110    (-18, म्हणजे 238)
----------
1 00011011    (283)
```

नवव्या घरात जाणाऱ्या हातच्याला जागाच नाही, म्हणून तो गळून पडतो. उरते ते ००0११०११, म्हणजे २७. उत्तर बरोबर.

हा योगायोग नाही. नवव्या घराची किंमत २५६ आहे, त्यामुळे तो हातचा सोडणे म्हणजे २५६ वजा करणे. उणे १८ च्या जागी २३८ घेतले तेव्हा नेमके २५६ जास्त घेतले होते, ते इथे परत गेले. घड्याळात काटा चार तास मागे नेला काय किंवा आठ तास पुढे नेला काय, तो एकाच आकड्यावर येतो, कारण चार आणि आठ मिळून बारा होतात. आठ बिटांच्या यंत्रात बाराच्या जागी २५६ आहे. गणिताच्या भाषेत, दोन संख्यांतला फरक २५६ च्या पटीत असेल तर हे यंत्र त्या एकच मानते; २५६ ने भागल्यावर येणारी बाकी तेवढी ते सांभाळते. बेरजेत कोणत्याही संख्येऐवजी तिच्याच बाकीची दुसरी संख्या घेतली, तरी उत्तराची बाकी बदलत नाही. आणि उणे १२८ ते १२७ या टप्प्यात प्रत्येक बाकीची एकच संख्या असते. म्हणून खरे उत्तर या टप्प्यात असले, की यंत्राला तेच मिळते. चिन्हांच्या चारही जोड्यांना हा एकच युक्तिवाद पुरतो.

संख्येचे चिन्ह बदलण्याची रीतही यातूनच निघते: सगळे बिट उलटे करा आणि एक मिळवा. एखादी मांडणी आणि तिची उलटी मांडणी मिळवली, तर आठही घरांत १ येतो, म्हणजे २५५. तेव्हा उलट्या मांडणीत एक मिळवला, की मूळ संख्येला २५६ पर्यंत नेणारी संख्या हाती येते. १८ ची मांडणी 00010010, उलटी 11101101 म्हणजे २३७, त्यात एक मिळवून २३८. यामुळे वजाबाकीसाठीही वेगळे मंडल लागत नाही. दुसऱ्या संख्येचे बिट उलटवायचे आणि बेरजेच्या पहिल्या घरात एक हातचा आधीच घालून द्यायचा.

मर्यादा आहे ती टप्प्याची. १०० आणि ५० मिळवले तर मांडणी १५० ची येते, आणि ती उणे १०६ अशी वाचली जाते. हे ओळखायला सोपे आहे: एकाच चिन्हाच्या दोन संख्या मिळवून उत्तर उलट्या चिन्हाचे आले, तर ते टप्प्याबाहेर गेले. वेगवेगळ्या चिन्हांच्या संख्यांत असे कधीच होत नाही. मात्र मधल्या पायरीवर घडलेली अशी चूक शेवटी भरूनही निघते. त्याच उणे १०६ मधून ६० वजा केले तर उणे १६६ होतात. ते टप्प्याबाहेर असल्याने यंत्राला त्यांत २५६ मिळवलेली संख्या दिसते, ९०. शंभर अधिक पन्नास वजा साठ यांचे खरे उत्तरही ९० च आहे.

एका संख्येपाशी मात्र चिन्ह बदलण्याची रीत अडते. उणे १२८ चे बिट उलटवून एक मिळवला, की पुन्हा उणे १२८ च येतात, कारण धन १२८ ला या टप्प्यात जागाच नाही. कोणत्याही संख्येची चिन्हरहित किंमत काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही एक संख्या वेगळी तपासावी लागते.