आधी पहिला थर, मग ठोकळा

नवा थ्रीडी प्रिंटर जोडून झाला की लगेच ठोकळा छापून मोजायची घाई होते. माझ्या मते पहिला मान पहिल्या थराचा. बेडच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी एकेका थराचे चौकोन छापा. रेषा सुट्या राहिल्या, नखाने सहज निघाल्या, तर तिथे नोझल उंच आहे. थर खरखरीत आणि रेषांच्या कडा वर आलेल्या असतील, तर फार खाली. एकाच बाजूचे चौकोन बिघडले, तर बेड तिरका आहे.

हे जमल्यावर २० मिलिमीटरचा ठोकळा. तो मधल्या उंचीवर मोजावा, कारण तळाची कड दबून फुगलेली असते. समजा रुंदी २०.२ भरली. म्हणून लगेच मोटरच्या स्टेप्स बदलू नका. आधी १०० मिलिमीटरची पट्टी छापून पाहा. ती १००.२ भरली, तर चूक ठरावीक आहे. बहुधा भिंतीत प्लास्टिक जास्त पडतंय, फ्लो थोडा कमी करा. १०१ भरली, तर चूक लांबीबरोबर वाढते आहे आणि दोष हालचालीच्या मापात आहे. ठोकळ्यावरच्या अक्षरांशेजारी लहरी उमटल्या असतील, तर बेल्टचा ताण तपासा आणि वेग उतरवून तोच ठोकळा पुन्हा छापा.