गालावरचा व्रण फोटोतही राहू द्या

खिडकीशी बसलेल्या सत्तरीच्या आजींचा फोटो काढायचा आहे असं समजा. कपाळावर हिरवं गोंदण, हनुवटीवर तीन ठिपके आणि गालांवर लहानपणी येऊन गेलेल्या देवीचे बारीक खड्डे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 साली सापडला. म्हणजे हे व्रण असलेले नवे चेहरे यापुढे आपल्याला दिसणार नाहीत. नातू फोन काढतो, सॅमसंग गॅलेक्सीचा सेल्फी कॅमेरा लावून आजींना जवळ घेतो आणि बटण दाबतो. फोटोत आजी छान हसतात, पण गाल मेणाचे असावेत तसे गुळगुळीत दिसतात. खड्डे नाहीत, सुरकुत्या अर्ध्याच, गोंदणाच्या कडाही विरलेल्या. फोनने कुणाला न विचारता त्यांचा चेहरा 'सुधारला' आहे.

हे काम कसं चालतं ते कळलं की ते बंद कुठे करायचं हेही कळतं. कॅमेरा आधी चौकटीतला चेहरा ओळखतो. मग डोळे, भुवया, ओठ आणि केस वगळून त्वचेचा भाग वेगळा काढतो. त्या भागात शेजारशेजारच्या ठिपक्यांमध्ये रंगाचा जो लहानसा फरक असतो, तो सरासरी काढून पुसतो. मोठा फरक, म्हणजे नाकाची कडा किंवा जबड्याची रेषा, तो तसाच ठेवतो. रंध्रं, पुरळ, बारीक सुरकुती, देवीचा खड्डा हे सगळे 'लहान फरक' असतात, म्हणून तेच आधी जातात. कॅमेऱ्याला तो डाग आणि ती आठवण यांतला भेद कळत नाही.

कोरियात फोटो दुरुस्त करण्याला 'बोजंग' हा रोजच्या वापरातला शब्द आहे. नोकरीच्या अर्जासाठी स्टुडिओत फोटो काढला की तो बोजंग करूनच हातात पडतो, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. सॅमसंगच्या 2013 सालच्या गॅलेक्सी एस4 मध्ये चेहरा नितळ करण्यासाठी 'ब्यूटी फेस' नावाचा स्वतंत्र मोड होता. तो आपण निवडला तरच चाले. पुढे हीच सोय नेहमीच्या फोटो मोडच्या पोटात गेली, आणि म्हणून आता ती चालू आहे की नाही हे सहज लक्षात येत नाही.

आता बंद करायला लागू. Camera उघडून पुढच्या कॅमेऱ्यावर या आणि मोडच्या पट्टीत Photo ठेवा. पडद्यावर जादूच्या छडीचं किंवा तशाच आकाराचं लहान चिन्ह शोधा. फोनच्या आवृत्तीनुसार त्याची जागा बदलते. काही फोनमध्ये ते वर असतं, काहींमध्ये खालच्या कोपऱ्यात, तर नव्या फोनमध्ये आधी झटपट पर्यायांची पट्टी उघडावी लागते. चिन्ह दाबलं की बहुतेक फोनमध्ये दोन भाग दिसतात: एक Filters आणि दुसरा Face, जुन्या फोनवर Beauty. दुसऱ्या भागात त्वचेचा गुळगुळीतपणा, रंग, जबडा, डोळे यांच्या सरकपट्ट्या असतात. त्या सगळ्या शून्यावर आणा किंवा पहिलं 'काही नको'चं चिन्ह निवडा. डोळे आणि जबड्याची पट्टी विसरू नका. त्यांनी त्वचा बदलत नाही, पण चेहऱ्याचा आकारच बदलतो.

नंतर Filters मध्ये जा आणि तिथेही काहीच निवडलेलं नाही ना ते बघा. फिल्टर मुख्यतः रंग बदलतो, पण फिका, उजळ फिल्टर लावला की उजेड-सावलीतला फरक कमी होतो आणि सुरकुती आपोआप पुसट होते. म्हणजे Face शून्यावर असूनही चेहरा खोटा दिसू शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Settings to keep असा विभाग असतो. त्यात Filters चालू असेल तर काल लग्नात लावलेला फिल्टर आज आजींच्या फोटोलाही लागतो. फिल्टरचा मोह वारंवार होत असेल, तर हा पर्याय बंद ठेवणं बरं.

बहुतेकांची चूक होते ती यापुढे. Photo मध्ये शून्य केलं म्हणजे सगळीकडे झालं असं समजू नका. Portrait हा मोड वेगळा आहे, व्हिडिओ वेगळा, मागचा कॅमेरा वेगळा. या प्रत्येकात एकदा जाऊन तेच चिन्ह आहे का आणि आकडे कुठे आहेत ते पाहा. आजींचे फोटो आपण Portrait मध्येच काढतो, मागची भिंत धूसर व्हावी म्हणून, आणि तिथली पट्टी आपण कधीच बघितलेली नसते. चार ठिकाणी जायला दोन मिनिटं पुरतात.

तरीही गाल गुळगुळीत दिसला, तर दोष ब्यूटीचा नसू शकतो. अंधारात काढलेल्या फोटोत दाणे उमटतात, ते फोन स्वतः पुसतो आणि त्यासोबत बारीक तपशीलही जातो. 2018 मध्ये आयफोन एक्सएसच्या सेल्फीबद्दल जगभर अशीच ओरड झाली होती. अ‍ॅपलने लपवून ब्यूटी फिल्टर घातला असं लोक म्हणाले. खरा दोष अनेक छायाचित्रं जुळवण्याच्या प्रक्रियेत निघाला आणि सॉफ्टवेअर सुधारून तो दूर केला गेला. या दोन कारणांमधला फरक ओळखायची सोपी खूण आहे. फोटो मोठा करून आजींच्या गालाबरोबर पदराची वीणही पाहा. गाल गुळगुळीत पण भुवईचा प्रत्येक केस आणि पदराचा धागा स्पष्ट असेल, तर ब्यूटी चालू आहे. गाल, पदर आणि मागची भिंत सगळंच मऊ झालं असेल, तर उजेड कमी आहे किंवा लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा आहे. लेन्स सुती कापडाने पुसा, आजींना खिडकीकडे तोंड करून बसवा आणि फोटो मागच्या कॅमेऱ्याने काढा.

खात्रीसाठी एकाच जागेवर, एकाच उजेडात, हातभर अंतरावरून दोन फोटो काढा, एक बदलाआधी आणि एक बदलानंतर. दोन्ही मोठे करून त्याच खड्ड्यापाशी थांबा. दुसऱ्या फोटोत तो दिसला पाहिजे. एवढं करूनही फोनची स्वतःची प्रक्रिया शंभर टक्के थांबत नाही, ती कमी करता येते. महागड्या मॉडेलमध्ये Pro मोडमधून रॉ फाइल घेता येते. तिच्यात सेन्सरने पाहिलेलं जवळपास जसंच्या तसं उतरतं, मात्र ती फाइल नंतर स्वतः घडवावी लागते. घरच्या फोटोसाठी एवढ्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र परत फिरवता येत नाही. फोटो काढतानाच गुळगुळीत झालेला गाल नंतर मूळ रूपात आणता येत नाही. गॅलरीतला मागे नेण्याचा पर्याय गॅलरीत केलेल्या बदलांसाठी आहे, बटण दाबताना पुसल्या गेलेल्या व्रणांसाठी नाही. म्हणून घरातल्या थोरांचा फोटो काढण्याआधी, आजच, ते चिन्ह उघडून सगळ्या पट्ट्या शून्यावर आणा.