वीस पट कुणाची?

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीची किंमत रोज छापून येते. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या घरगुती फौंड्रीची किंमत मात्र कुठेच लिहिलेली नसते, आणि ती विचारली जाते ती बहुधा वाटणीच्या वेळी. मग आम्ही मूल्यमापक शेजारच्या मोठ्या घराकडे बघतो. त्याच धंद्यातल्या नोंदणीकृत कंपन्यांना बाजार वार्षिक नफ्याच्या किती पट किंमत देतो ते पाहायचे आणि ती पट आपल्या नफ्याला लावायची. रीत सोपी आहे. खोट शिरते ती आकाराच्या प्रश्नावर.

एक प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत. दोन भाऊ, थोरला कारखाना चालवणारा, धाकटा पुण्यात नोकरीला, त्याचा हिस्सा एक तृतीयांश. करानंतरचा नफा २ कोटी ५५ लाख. धाकट्याचा हिशेब तयार होता. "दादा म्हणतो धंद्यात काही राहिलं नाही, पण बाजारात तर वीस पट मिळते!" म्हणजे ५१ कोटी, आणि त्याचे १७.

आधी ती वीस पट तपासू. ट्रॅक्टरचे नि गाड्यांचे ओतीव भाग करणाऱ्या पाच कंपन्या मी घेतल्या. त्यांच्या पटी निघाल्या १४, १८, २०, २३ आणि ९०. शेवटची कंपनी काही फार मोलाची नव्हती. तिचा नफा त्या वर्षी कोसळला होता, म्हणून भागाकार फुगला. सरासरी काढली तर ३३ येते. म्हणून मधला आकडा घ्यायचा, २०. धाकट्याची पट बरोबर होती.

नफा मात्र तसा नव्हता. थोरला वर्षाला सहा लाख पगार घेई. त्याच्या जागी बाहेरचा माणूस ठेवायचा तर छत्तीस लाख लागले असते. शेड कुटुंबाच्या मालकीची, तिचे भाडे कंपनी देतच नव्हती; बाजारभावाने तेही तीस लाख. नोंदणीकृत कंपन्या हे दोन्ही खर्च भरतात, तेव्हा इथेही साठ लाख वजा करायला हवेत. करपूर्व नफा ३ कोटी ४० लाखांवरून २ कोटी ८० लाखांवर आला आणि पाव भाग कर गेल्यावर उरले २ कोटी १० लाख. (शेडची वाटणी वेगळी करायची, ती या किमतीत नाही.)

आता आकार. पुष्कळ जण इथे 'छोटी कंपनी, तीस टक्के काट' असे म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. वीस पट उलटी केली की पाच टक्के होतात. गुंतवणूकदार शंभर रुपये देऊन पाच रुपये कमाईवर समाधानी आहे, कारण पुढे वाढ दिसते आणि जोखीम बेताची वाटते. छोट्या कंपनीची जास्तीची जोखीम या पाचात मिळवायची. तीन टक्के मिळवले तर आठ होतात, आणि आठ उलटे केले की साडेबारा पट. वीस पटीतून साडेसदतीस टक्के गेले. तेच तीन टक्के दहा पटीच्या धंद्यात मिळवले तर पट ७.७ होते, म्हणजे २३ टक्केच जातात. जिथे भाव भविष्यावर जास्त टेकलेला असतो तिथे तीच जोखीम जास्त खाते. सरसकट काटेत हे दिसत नाही.

हे तीन टक्के आले कुठून? न्यूयॉर्क शेअर बाजाराचे जुने आकडे तपासून १९८१ साली रॉल्फ बान्झ यांनी दाखवले की छोट्या कंपन्यांच्या शेअरांनी, जोखीम हिशेबात धरूनही, मोठ्यांपेक्षा अधिक परतावा दिला होता. पुढे हा फरक पातळ झाला आणि अनेक अभ्यासक आता तो मानत नाहीत. म्हणून निव्वळ लहानपणाला मी दंड लावत नाही. लहानपणामुळे काय काय होते ते पाहतो. या फौंड्रीची सत्तर टक्के विक्री दोन गिऱ्हाइकांना होती. भट्टी एकच. दर ठरवण्यापासून वाळूच्या तक्रारीपर्यंत सगळे थोरल्याच्या डोक्यात. तीन हा माझा अंदाज आहे. दोन धरले तर पट १४.३ होते, चार धरले तर ११.१. म्हणजे कंपनीची किंमत २३ ते ३० कोटी, मध्यावर सव्वासव्वीस, आणि धाकट्याचा हिस्सा पावणेनऊ कोटींच्या आसपास.

थोरल्याच्या सल्लागाराला यातून आणखी दोन काटी हव्या होत्या: शेअर सहज विकता येत नाहीत म्हणून एक, हिस्सा अल्पमतातला म्हणून दुसरी. पहिलीचा बराच भाग तीन टक्क्यांत आधीच आला होता. पुन्हा कापणे म्हणजे एकच मोजणी दोनदा. दुसरी मी नाकारली. नोंदणीकृत शेअरचा रोजचा भाव मुळात अल्पमतातल्याच तुकड्याचा असतो, आणि इथे तर विकत घेणाऱ्याच्या हाती सगळा कारखाना येणार होता. त्यानंतर भांडण उरले ते दोन की चार टक्के एवढेच. ते सोडवायला मी दोन्ही गिऱ्हाइकांच्या पाच वर्षांच्या ऑर्डरी मागवल्या.