१५२१ किलोहर्ट्झचा झोका

आकाशवाणीच्या एखाद्या केंद्राची मध्यम लहर १५२१ किलोहर्ट्झ धरू. जुन्या रेडिओतलं वेटोळं २०० मायक्रोहेन्रीचं धरलं, तर बटण फिरवत कपॅसिटर ५५ पिकोफॅरडजवळ आणला की केंद्र लागतं.

वेटोळं आणि कपॅसिटरची ही जोडी म्हणजे चक्क झोका आहे! वेटोळं म्हणजे वस्तुमान, कपॅसिटर म्हणजे स्प्रिंग (धारकता कमी तितकी ती ताठ), रोध म्हणजे घर्षण आणि लहर म्हणजे तालात धक्के देणारा हात.

अनुनादाची पट्टी किती रुंद, हे मात्र कपॅसिटर ठरवत नाही. रुंदी = R/(2πL). एकूण रोध ११.३ ओहम असेल तर ९ किलोहर्ट्झ, म्हणजे शेजारच्या केंद्रापर्यंतचं अंतर. रोध दुप्पट झाला तर १८. शेजारी आत घुसतो. तीनच ओहम ठेवला तर जेमतेम २.४, निवेदिका उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखी वाटते.