उजेड आरपार जाणारं कातडं

म्हैसूरहून पूर्वेला बन्नूरकडे निघालं की कावेरीच्या कालव्यांनी भिजलेली भातशेतं लागतात आणि कडेला चरणाऱ्या ठेंगण्या, गुबगुबीत मेंढ्या दिसतात. बन्नूरचं नाव या मेंढीमुळे दूरवर पोचलंय. तिच्या मटणासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात. पण याच मुलखातल्या जत्रांतून जो कातडी बाहुल्यांचा खेळ चालत आला, त्याला ही मेंढी काही कामाची नाही. या तोगलु गोंबेयाटाची बाहुली प्रामुख्यानं शेळीच्या कातड्याची. पूर्वी हरणाचंही कातडं वापरायचे, ते कायद्यानं थांबलं. मेंढीच्या कातड्याच्या थरांत चरबी असते. ते सुकलं तरी तेलकट राहतं, त्याचे पदर सुटतात आणि उजेड त्यातून स्वच्छ येत नाही. या बाहुलीचा सगळा जीव तर त्या उजेडातच आहे.

हा खेळ करणारी मंडळी किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात म्हणून ओळखली जातात. खेळातल्या वात्रट विदूषकाचं नावही किळ्ळेक्यातच, आणि त्याचंच नाव समाजाला चिकटलं असं सांगतात. पडद्यावर रामायण-महाभारत कन्नडमध्ये रंगतं. पण खेळ संपवून हीच माणसं घरी बोलायला लागली की मराठी माणसाचे कान टवकारतात. त्यांची घरची बोली मराठीच्या कुळातली आहे. आंध्रातल्या निम्मलकुंट्याचे तोलु बोम्मलाटा करणारे कारागीर आणि तमिळनाडूतले कातडी बाहुल्यांचे खेळकरी यांच्याही घरात अशीच मराठी टिकून आहे. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री आणि चित्रकथी हे तिन्ही प्रकार जपले. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. निम्मलकुंट्याच्या दळवाई चलपती राव यांना २०२० साली मिळाली होती. त्यांचं आडनाव वाचून मराठी माणूस क्षणभर थांबतोच. दक्षिणेतली ही घराणी मराठ्यांच्या फौजांबरोबर, सरदारांच्या आश्रयानं तिकडे उतरली असावीत असं मानलं जातं.

२०२५ साली पद्मश्री मिळालेल्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर या कोप्पळ जिल्ह्यातल्या मोरनाळच्या. सन्मान जाहीर झाला तेव्हा त्या ९६ वर्षांच्या होत्या. सत्तरहून जास्त वर्षं त्यांनी हा खेळ केला आणि परदेशांतही नेला. अशा म्हाताऱ्या बाईला पडद्यामागे बसलेलं पाहून नवख्याला आश्चर्य वाटतं, पण घरच्या बायकांशिवाय हा खेळ उभाच राहत नाही. सीता, मंदोदरी, द्रौपदी यांचे आवाज त्या काढतात, साथ धरतात आणि हाताशी हवी ती बाहुली वेळेवर पुढे करतात. खेळाची मंडळी म्हणजे बहुतेक वेळा एकच कुटुंब.

हस्तकलेच्या मेळ्यात प्रात्यक्षिकाला बसलेला कारागीर आपल्याला मधला टप्पा दाखवतो: तयार कातडं, छिन्नी आणि रंगाच्या बाटल्या. खरी परीक्षा त्याआधीच होऊन गेलेली असते. ताजं कातडं पाण्यात भिजत घालतात, केस मोकळे झाले की बोथट सुरीनं ते खरवडतात आणि मग उलट्या बाजूचं मांस-चरबी काढतात. भिजवणं कमी पडलं तर केसांची मुळं आत राहतात. जास्त झालं तर कातडं कुजायला लागतं, वास येतो आणि खरवडताना भोक पडतं. साफ झालेलं कातडं खुंट्यांनी चारही बाजूंनी ताणून उन्हात वाळवतात. ते कमावत मात्र नाहीत. चपलेसाठी कमावलेलं कातडं मऊ आणि अपारदर्शक होतं. इथे हवं असतं कडक, पापडासारखं खुळखुळणारं आणि पिवळसर दुधी. ते उन्हासमोर धरलं की दोष कळतात. काळपट डाग दिसला तर तिथे मांस राहिलंय, फार फिकं दिसलं तर तिथे हात जास्त चालला. रंग दिल्यावर यातलं काहीच लपत नाही, दिव्यापुढे तर उलट उठून दिसतं.

मग आकार. नवी बाहुली बरेचदा जुनीवरून उतरवतात. झिजलेला राम खाली ठेवायचा, त्यावर नवं कातडं पसरायचं आणि खालून दिसणारी रेघ बोरूनं काळ्या शाईत ओढायची. घराण्याची वंशावळ वहीत नसते, या रेघांत असते. मुकुटाची एखादी कड, नाकाचा बाक आजोबाच्या हातून बापाकडे आणि बापाकडून नातवाकडे आलेला असतो. मात्र प्रत्येक नकलेत रेघ किंचित सरकते. दोन-तीन पिढ्यांनी तोच राम थोडा रुंद खांद्याचा झालेला असला तर त्यात कुणाचा दोष नाही.

यानंतर छिन्नी. लाकडी ठोकळ्यावर कातडं ठेवून गोल, चंद्रकोरी आणि सरळ धारेच्या छिन्न्यांनी नक्षी पाडतात. यातला विचार उलटा आहे. कागदावर चित्र काढणारा दागिना रंगानं दाखवतो. इथे दागिना म्हणजे भोक. पडद्यामागे दिवा लागला की काळा रंग अंधार होतो, लाल-हिरवा रंग काचेसारखा पेटतो आणि भोकातून निव्वळ पांढरा उजेड येतो. तोच मोत्यांचा हार, तीच मुकुटातली रत्नं. दोन भोकांमधली पट्टी फार बारीक ठेवली तर काही खेळांनंतर ती तुटते आणि हाराची जागा फाटक्या खिडकीसारखी दिसते. म्हणून शिकाऊ मुलाला आधी कपड्यांच्या काठावरची साधी भोकं देतात; चेहरा आणि डोळा घरातला जाणता माणूस करतो. रंग दोन्ही बाजूंनी देतात, नाहीतर उजेडात तो विटका पडतो. शेवटी मधोमध चिरलेली बांबूची काठी बाहुलीला धरून बांधतात. ती ताठ ठेवते आणि नाचवायला हाताशी येते.

कर्नाटकातल्या बाहुल्यांचं एक वैशिष्ट्य पिंगुळीकरांनाही बघण्यासारखं आहे. इथे पात्राचा मान बाहुलीच्या मापावरून ठरतो. देव आणि राजे मोठे, चाकर आणि सामान्य माणसं लहान. बऱ्याच बाहुल्या सुट्या माणसाच्या नसून अख्ख्या प्रसंगाच्या असतात: सिंहासनासकट राजा किंवा झाडासकट बसलेली सीता, एकाच कातड्यात. अशा बाहुलीला हातपाय हलवायला जागा नसते. तिथे सगळी मदार बोलणाऱ्यावर.

मला मेळ्यातल्या या प्रात्यक्षिकांबद्दल एक कुरकुर आहे. भरदुपारी, ट्यूबलाइटखाली, मागे भिंत किंवा निळी ताडपत्री. त्या उजेडात बाहुली काळपट, गबाळी वाटते आणि लोक शेजारच्या लाकडी खेळण्यांकडे वळतात. आयोजकांनी एक पांढरं धोतर, चार बांबू आणि अंधारा कोपरा दिला तरी पुरे. खेळ पूर्वी एरंडेलाच्या दिव्यावर होत असे, आणि ज्योत हलली की बाहुलीही श्वास घेतल्यासारखी हलायची. बल्ब स्थिर, शिवाय जवळ धरला तर त्याच्या उष्णतेनं कातडं वळतं. पावसाळी हवेत ते दमट होऊन मऊ पडतं, म्हणून बाहुल्या सपाट, एकमेकींवर रचून पेटीत ठेवतात.

स्टॉलवर विक्री होते ती मुख्यतः दिव्याच्या शेडची आणि भिंतीवर टांगायच्या चित्रांची. निम्मलकुंट्यात तर घरंच्या घरं शेडवर चालतात, आणि त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. छिन्नी धरणारा हात त्यामुळेच सरावात राहिला. फक्त शेडवर लागतात फुलं, मोर आणि वेली. कथा सांगणारं तोंड तिथे लागत नाही, आणि कातडं साफ करणाऱ्यापेक्षा रात्रभर अख्खं रामायण पाठ बोलणारा माणूस घडायला कितीतरी जास्त वर्षं लागतात. बंगळुरूच्या चित्रकला परिषदेत एम. एस. नंजुंड राव यांनी गावोगावहून जुन्या कर्नाटकी बाहुल्या गोळा करून ठेवल्या आहेत. त्यांच्या रेघा तिथून उतरवता येतील. संवाद मात्र घरातूनच घ्यावे लागतात.

स्टॉलवर काही घ्यायचं झालंच, तर वस्तू पाठीमागून उजेडाला धरून बघावी. भोकांच्या कडा स्वच्छ कापलेल्या आहेत का, रंग दोन्ही बाजूंना आहे का, बोटानं टिचकी मारली तर कडक आवाज येतो का. आणि कारागिराला किंमत विचारण्याआधी हे कोणत्या प्रसंगातलं पात्र आहे ते विचारावं. बहुतेक वेळा तो हातातली छिन्नी खाली ठेवून त्या पात्राच्या आवाजात बोलायला लागतो.